आधी खोली बंद, मग डबल बेल

महिपतीनं फोन उचलला की समोरच्याला फोनची गरजच उरायची नाही. आवाज असा, की नगर रोडच्या पलीकडच्या पंक्चरवाल्यानंही "आलो आलो" म्हणावं. पंचवीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूस. इंजिनाच्या वर बोलायची सवय, ती काय हॉटेल काढल्यावर जाते होय?

हॉटेल म्हणजे तरी काय, वाघोलीत रस्त्यापासून आत दोनशे पावलांवर चौदा खोल्या, खाली स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावर महिपतीचं घर. आणि दारावर बोर्ड: 'हॉटेल दुर्गा'. हा बोर्ड गेनबा पेंटरनं हातानं रंगवलेला. 'दु' मोठा झाला म्हणून 'र्गा' दाटीवाटीनं बसवलेला, एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसवतात तसा. बायकोचं नाव दारावर लावणारा महिपती हा गावातला पहिला गडी. त्यावरून लोकांनी त्याला वर्षभर छळला. त्याला त्याचं काही नव्हतं. दुर्गाबाई वरवर म्हणायची, "मी काय रोज वर बघत बसते व्हय त्या बोर्डाकडं?" आणि रोज सकाळी बांबूला फडकं बांधून तोच बोर्ड पुसायची.

तर एकोणीस साली, जून संपताना, त्या बोर्डावरच संक्रांत आली.

आणली पोरानंच. तेजस खराडीत आयटीत होता, हॉटेलात निम्मा वाटा त्याचा. एका रविवारी लॅपटॉप घेऊन बापासमोर बसला.

"अण्णा, शांतपणे ऐका. दहा पाहुण्यांतले आठ अ‍ॅपवरून येतात. पंधराशेच्या खोलीवर अ‍ॅपवाले बावीस टक्के कमिशन घेतात, वर त्या कमिशनावर जीएसटी. जवळजवळ चारशे रुपये गेले. उरलेल्यात चादरी, लाइट, पगार. धिस इज नॉट सस्टेनेबल."

"मराठीत बोल."

"परवडत नाही."

"हे आधी बोलायचं की मग!"

तेजसनं तोड काढली होती. हॉटेलांची साखळी चालवणारी एक कंपनी होती. ती महिन्याला ठरावीक रक्कम देणार, पाहुणे तीच आणणार. बदल्यात रंग तिचा, चादरी तिच्या, नाव तिचं. दारावर भगभगीत नारिंगी बोर्ड लागणार. एक ऑगस्टला कंपनीचा माणूस सही घ्यायला येणार होता.

"आणि हा बोर्ड?" महिपतीनं विचारलं.

"तो... उतरवावा लागेल."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला, पण जरा जोरात.

महिपती उठला, बसला, परत उठला. "एक महिना दे. जुलै. खोल्यांच्या जेवढ्या रात्री विकल्या जातील, त्यातल्या निम्म्याहून जास्त जर थेट आपल्याकडं आल्या, फोनवर न्हाईतर काउंटरवर, तर तुझा तो नारिंगी बोर्ड माघारी. न्हाई आल्या तर मी स्वतः शिडी लावून हा उतरवतो."

तेजस हसला. दोनाचे पाच कसे होणार महिन्याभरात? म्हणाला, "डन."

आता महिपतीची फौज बघा. काउंटरवर कल्याणी. कोथरूडहून दोन बस बदलून यायची आणि दोन्ही बसचा राग महिपतीवर काढायची. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, बोलायला मोजकी, पण लागेल असं बोलायची.

"पोरी, थेट पाहुणे आणायचे म्हंजी काय करायचं?"

"लोक अ‍ॅपवर आपल्याला बघतात, मग नकाशावर शोधतात, फोटो बघतात, आणि नंबर दिसला तर फोन करतात. आपला नंबर नकाशावर आहे तो तुमच्या टेम्पोच्या काळातला आहे. तो आता एका केशकर्तनालयात वाजतो."

"मग कितीजण कटिंग करून गेले आसतील!"

कल्याणीनं नंबर बदलला, खोल्यांचे नवे फोटो टाकले. जुन्या पाहुण्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. महिपतीनं जुन्या बाजारातून एसटीची घंटा आणली, दोरी ओढायची असते ना कंडक्टरची, ती. काउंटरच्या वर टांगली. थेट बुकिंग आलं की डबल बेल, टिंग टिंग, गाडी सुटली! शिवाय मागं एक फळा. एका बाजूला 'आपलं', दुसऱ्या बाजूला 'अ‍ॅप'. प्रत्येक रात्रीची एक रेघ. खडूला महिपतीशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"रजिस्टर आहे, कॉम्प्युटर आहे," कल्याणी म्हणाली.

"ते तुझं. फळा माझा."

"बरं. शाळा राहून गेली वाटतं."

पहिल्याच आठवड्यात महिपतीनं घोळ घातला. गेनबा पेंटरला बोलावून नगर रोडच्या भिंतीवर पुरुषभर उंच अक्षरात लिहून घेतलं: 'अ‍ॅपवर पंधराशे! आम्हाला फोन करा, बाराशे!' भिंत बघून त्याला इतका आनंद झाला की तो स्वतःच तीनदा तिच्यापुढून मोटारसायकलवर गेला.

चौथ्या दिवशी अ‍ॅपवाल्यांच्या सुहासिनी मॅडमचा फोन. गोड आवाज. "सर, तुमच्या करारात आहे ना, आमच्यापेक्षा कमी रेट तुम्ही जाहीरपणे कुठे लावायचा नाही म्हणून. मला कुणीतरी भिंतीचा फोटो पाठवलाय."

"मॅडम, करारात वेबसाइट म्हणलंय. भिंत कुठं म्हणलीय?"

"सर, अशी भिंत आजपर्यंत कुणी रंगवली नव्हती."

हॉटेल दुर्गा अ‍ॅपवर पहिल्या पानावर दिसायचं, ते चौथ्या पानावर गेलं. आणि गंमत अशी, की अ‍ॅपवर दिसायचं कमी झालं तसे फोनही कमी झाले. घंटा मुकी झाली. महिपती काउंटरवर हनुवटी टेकून बसला.

"आसं का झालं गं?"

"कारण लोक आपल्याला तिथेच पहिल्यांदा बघतात. अ‍ॅपशी भांडायचं नाहीये अण्णा. ते पहिली भेट घडवतं, त्याचे पैसे घेतं. दुसऱ्या वेळी पाहुणा आपल्याकडे आला पाहिजे. आणि जाहीर रेट सारखाच ठेवायचा. कमी रेट फक्त ग्रुपवर, आपल्या जुन्या माणसांना. बाकीच्यांना रेट नाही, दुसरं काहीतरी द्यायचं."

"काय द्यायचं?"

स्वयंपाकघरातून थालीपिठाचा वास आला. दोघांनी एकदमच तिकडं बघितलं.

गेनबानं परत भिंत रंगवली. कुरकुरत रंगवली, कारण आधीची भिंत त्याला फार आवडली होती. 'थेट फोन करा! सकाळी दुर्गाबाईंचं थालीपीठ फुकट. खोली बाराला नाही, दोनला सोडा.' रेटचा आकडा कुठं नाही. सुहासिनी मॅडमनी फोटो बघितला, त्यांना हसू आवरेना. हॉटेल परत पहिल्या पानावर आलं.

आणि मग काय विचारता! कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचे दिवस. आईबापांचे फोनवर फोन. "थालीपीठ देता ते हॉटेल हेच का?" टिंग टिंग! मुलाखतीला येणारी पोरं, टिंग टिंग! लग्नाचं वऱ्हाड, चार खोल्या, महिपतीनं चार वेळा डबल बेल मारली. चौथ्या बेलला मागच्या गल्लीतला एकजण पिशवी घेऊन पळत आला, त्याला वाटलं शिरूरची गाडी लागली.

फक्त दुर्गाबाई नियम पाळेना. थालीपीठ थेट पाहुण्यांना, असं ठरलं होतं. पण ती अ‍ॅपवाल्यांनाही वाढायची, लोण्याचा गोळा ठेवून.

"अगं, त्ये आपल्यावाल्यांचं हाय!"

"भूक लागलेल्याला काय इचारू, कुठनं बुकिंग केलं म्हणून?"

"म्हंजी फायदा काय थेट फोन करायचा?"

"तुमी खाता का? तुमी तर फोनबी केला न्हाई."

महिपती ताट पुढं सरकवायचा. आणि ते अ‍ॅपवाले! एका रात्रीसाठी आलेला मशीनचा फिटर तीन रात्री राहिला. काउंटरवर येऊन म्हणाला, "काका, अजून दोन दिवस वाढवा, काम लांबलंय." काम लांबलं होतं का थालीपीठ, देव जाणे. महिपतीनं पैसे घेतले, पावती दिली, आणि तोंड वाकडं करून फळ्यावर अ‍ॅपच्या बाजूला आणखी दोन रेघा मारल्या. अ‍ॅपचा पाहुणा तो अ‍ॅपचाच. आता यात इमानदारी किती आणि अडाणीपणा किती, हे आपण पुढं बघू.

असं करत करत एकतीस जुलै उजाडला. फळ्यावर आपल्या एकशेतीस, अ‍ॅपच्या एकशेतीस. त्या दिवशीच्या पाहुण्यांसकट. खोली शिल्लक एक, पाच नंबर.

तेजसनं ऑफिसातून तिसऱ्यांदा विचारलं, "काय स्कोअर?"

"मॅच चालू हाय. फोन ठेव. लाइन मोकळी पायजे."

कल्याणी अकरा वाजता बँकेत गेली. जाताना म्हणाली, "अण्णा, एकच खोली आहे. फोनवर गेली तर आधी कॉम्प्युटरवर अ‍ॅपची खोली बंद करायची. इथे क्लिक, इथे शून्य, इथे सेव्ह. आधी हे. मग घंटा."

"मी काय ल्हान हाय?"

"नाही, लहान मुलं ऐकतात."

ती गेली आणि फोन वाजला. भीमराव बोलत होते, यवतमाळचे. ट्रॅव्हल्सच्या गाडीत होते, शिक्रापूर मागं टाकलेलं. बायको सुंदराबाई आणि लेक शर्मिला बरोबर. लेकीला खराडीच्या कंपनीत नोकरी लागली होती, उद्या पहिला दिवस. "तुमच्या भिंतीचा फोटो आमच्या पोरीच्या मैत्रिणीनं धाडला जी. थालीपीठ भेटते म्हने. खोली हाये का?"

"हाय म्हंजी? तुमच्यासाठीच ठिवलीय!"

फोन ठेवला आणि महिपतीचं भान सुटलं. टिंग टिंग! टिंग टिंग! एकशेएकतीस! रेघ एवढी लांब ओढली की फळ्याच्या बाहेर भिंतीवर गेली. दुर्गाबाईला हाक मारली, पंक्चरवाल्याला बोलावलं, शेजारच्या मच्छिंद्र किराणावाल्याला बोलावलं, सगळ्यांना चहा. मच्छिंद्रनं त्याला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग दोघं नुसतेच नाचले. "ऱ्हायला बोर्ड! दुर्गे, ऱ्हायला तुझा बोर्ड!" दुर्गाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "लोकं बघत्यात," आणि चहात साखर दुप्पट घातली.

या सगळ्याला अकरा मिनिटं लागली. बाराव्या मिनिटाला कॉम्प्युटर 'टुंग' वाजला.

कल्याणी दारातून आत येत होती. तिनं नाचणारी माणसं बघितली, स्क्रीन बघितली, आणि पर्स हळूच काउंटरवर ठेवली.

"अण्णा. पाच नंबर अ‍ॅपवरून बुक झाली. अनंत नावाचे गृहस्थ. तुम्ही खोली बंद केली होती ना?"

महिपतीचा नाचता पाय हवेतच राहिला.

"घंटा मारली की मी."

"घंटा अ‍ॅपला ऐकू जात नाही."

खोली एक, पाहुणे दोन. मच्छिंद्रनं तोड सांगितली, हलक्या आवाजात. "त्या अनंताला फोन कर. म्हण, अ‍ॅपवरचं रद्द कर, दुसरीकडं बघ. न्हाईतर म्हण, रद्द कर आन् थेट ये. तुझी पैजबी ऱ्हाईल."

महिपतीनं कल्याणीकडं बघितलं. ती म्हणाली, "आपण रद्द केलं तर त्याला दुसरं हॉटेल शोधून द्यायचं, फरक आपण भरायचा, आणि परत चौथं पान. आणि त्यालाच रद्द करायला लावायचं, ही अ‍ॅपशी लबाडी. त्यांनी पाहुणा आणला, आपण त्यांचं कमिशन मारायचं."

महिन्यात पहिल्यांदा नगर रोडवरच्या गाड्यांचा आवाज आत ऐकू आला.

"टेम्पोत एकाचा माल भरला आन् वाटंत दुसऱ्यानं जास्त पैशे दाखवले, म्हणून पयल्याचा माल मी कवा रस्त्यावर उतरवला न्हाई," महिपती म्हणाला. "अनंताला पाच नंबर. यवतमाळवाले वर आपल्या घरात ऱ्हातील. आपली खोली त्यांना दे, दुर्गे. आपण गच्चीवर, पत्र्याखाली."

"चादर बदलते," दुर्गाबाई म्हणाली. एवढंच.

मग महिपती फळ्याकडं गेला. घर म्हणजे हॉटेलाची खोली नव्हे, आणि घरात ठेवलेल्या माणसाकडून भाडं घ्यायचं नसतं. त्यानं बाहीनं ती लांब रेघ पुसली. भिंतीवरचीसुद्धा. दुसऱ्या बाजूला अनंताची एक मारली. आपल्या एकशेतीस, अ‍ॅपच्या एकशेएकतीस.

एका रेघेनं बोर्ड गेला.

पण भीमरावांचं कुटुंब आलं आणि घरात सुतक पाळायला कुणाला वेळच मिळाला नाही. सुंदराबाईंनी पिशवीतून घरची तूरडाळ काढली, दुर्गाबाईनं थालीपीठ थापलं, दोघी चुलतबहिणी असल्यागत बोलत बसल्या. भीमराव पैसे घ्या म्हणून हट्टाला पेटले. "बुकिंग केली होती जी आमी!"

"पावणं, घरात ऱ्हायल्याचे पैशे घेतले तर ही मलाच हाकलंल."

अनंत बिचारा पाच नंबरात निवांत. त्याला पत्ताच नाही की आपण एकट्यानं बोर्ड पाडला.

एक ऑगस्टला सकाळी महिपतीनं शिडी काढून दारात लावून ठेवली. दिलेला शब्द होता. नऊला तेजस लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या मागोमाग साखळीवाल्यांचा समाधान नावाचा माणूस, टाय लावलेला, आणि मागं टेम्पोत तो नारिंगी बोर्ड. सही व्हायच्या आधीच करून आणलेला. महिपतीनं टेम्पो बघितला आणि पहिलं काय म्हणाला, तर, "मागचं डावं टायर बसलंय, हवा भर."

तेजसनं फळा बघितला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा. "एकानं गेलं, अण्णा?"

"एकानं. धर शिडी."

"थांबा. मला अ‍ॅपचा जुलैचा हिशेब चेक करू द्या, कमिशन भरायचंय." तेजसनं बोटं चालवली. मग कपाळाला आठी घातली. "अ‍ॅपच्या एकशेअठरा रात्री आहेत."

"एकशेएकतीस," महिपती म्हणाला.

"इथे एकशेअठरा आहेत."

"मग त्यांचं चुकलंय! तेरा रात्रींचं कमिशन बुडतंय त्यांचं. कल्याणी, सुहासिनी मॅडमला फोन लाव. म्हणावं तेरा रात्रींचे आणखी घ्या."

कल्याणीनं फोन उचलला नाही. तिनं रजिस्टर उघडलं. बोट खाली खाली नेलं. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी महिपतीला वाटलं रडतेय.

"अण्णा," तिला हसू आवरेना, "तो फिटर. एका रात्रीचं बुकिंग अ‍ॅपवरून. पुढच्या दोन रात्री त्यानं कुठे वाढवल्या?"

"हितंच. काउंटरवर. माझ्यापशी."

"पावती कुणी दिली?"

"मी."

"मग त्या दोन रात्री अ‍ॅपच्या कशा? इथे येऊन मुक्काम वाढवला ते नवं बुकिंग. थेट आपलं. कमिशन लागतच नाही. तुम्ही महिनाभर वाढवलेल्या सगळ्या रात्री अ‍ॅपच्या बाजूला लिहिल्यात!"

"अ‍ॅपचा पावणा तो..."

"...पहिल्या रात्रीपुरता!" तेजस ओरडला. आवाज थेट बापाचा. पंक्चरवाला पलीकडून "आलो" म्हणाला.

तेरा रेघा. तेजसनं स्वतः एकेक पुसली आणि दुसऱ्या बाजूला मारली. महिपतीनं खडू दिला त्याला, पहिल्यांदाच. आपल्या एकशेत्रेचाळीस. अ‍ॅपच्या एकशेअठरा.

"पण ह्ये लोक तेरा रात्री जास्त थांबले कशापायी?" महिपतीनं विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात दुर्गाबाई उभी होती, हातात उलथणं. "इचारू नका आता मला परत, कुणाला वाढते त्ये," एवढं म्हणून आत गेली. आणि आतून तव्यावर असा काही चर्र आवाज आला की सुंदराबाईंनी टाळी वाजवली.

समाधान टाय सैल करत म्हणाला, "सर, मग सहीचं काय?"

"सहीचं ऱ्हाऊ द्या. बसा, खाऊन जा."

"अहो, पण बोर्ड आणलाय."

"त्यालाबी सावलीत लावा."

दुसऱ्या थालीपिठानंतर समाधान हिशेब, टार्गेट, सगळं विसरला. तिसऱ्याला त्यानं हळूच विचारलं, "रविवारी फॅमिलीला आणलं तर चालेल का? फोन करून."

आणि तेवढ्यात फोन वाजलाच. महिपतीनं उचलला.

"अकोल्याहून बोलतोय. भीमरावांनी नंबर दिला. आमची मुलगीपण त्यांच्या शर्मिलाच्याच बॅचला आहे. दोन रात्रींसाठी खोली मिळेल का?"

"मिळंल म्हंजी!" काचा हलल्या. नाव लिहून घेतलं, फोन ठेवला, आणि हात सरळ घंटेच्या दोरीकडं गेला.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. तेजस, समाधान, भीमराव. कल्याणी नुसती बघत राहिली, तिरकी.

महिपतीचा हात दोरीपाशी थांबला. खाली आला. त्यानं खिशातून चष्मा काढला, नाकावर बसवला, आणि एका बोटानं, जीभ दातात धरून, क्लिक केलं. एक खोली कमी. सेव्ह. स्क्रीनवर 'झालं' असं येईपर्यंत श्वास रोखून बसला.

मग मारली डबल बेल. अशी मारली की दोरीच हातात आली.